आर्किटेक्टने दुमजली सपाट घराचा नकाशा बदलला, ऐकावं का?

प्रश्न: आम्ही दोघं परदेशात असतो. निवृत्तीनंतर कोकणातल्या वडिलोपार्जित जागेवर घर बांधून राहायचंय. आम्हाला सपाट स्लॅबचं दुमजली घर हवं होतं, आर्किटेक्टने एकमजली कौलारू काढून दिलं. तो स्वतःची हौस भागवतोय का?

उत्तर:

तुमचा नकाशा पाहिल्याशिवाय त्याची बाजू घेता येणार नाही. पण मीही हाच व्यवसाय करतो आणि अशाच एका जोडप्याला मी लिहिलेलं पत्र नावगाव काढून खाली देतो. तुमच्या आर्किटेक्टकडे यातल्या मुद्द्यांची उत्तरं तयार नसतील तर जरूर भांडा.

काका, काकू, सप्रेम नमस्कार.

वरचा मजला मी काढला आहे. नातवंडांसाठी खोल्या हव्यात हे मान्य, म्हणून त्या खालीच, बाहेरून वेगळं दार ठेवून दिल्यात. वर्षातले पंधरा दिवस वापरायच्या खोल्यांसाठी जिना झाडत बसायचं वय पुढे तुमचं नसेल. "निदान पुढच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवा" असं काका म्हणाले होते. खाऱ्या, दमट हवेत त्या सळया गंजतात आणि गंज खाली कॉलमात शिरतो. त्यामुळे नाही.

आता छप्पर. पहिली काही वर्षं तुम्ही हिवाळ्यात येणार, म्हणजे ऐन पावसात घर बंद. सपाट स्लॅबवर पाणी साचतं, बारीक भेगांतून झिरपतं, आणि तुम्ही दार उघडाल तेव्हा कपाटांच्या मागे बुरशी असेल. गावात स्लॅबच्या घरांवर नंतर पत्र्याच्या शेड चढलेल्या दिसतात, त्या याच कारणाने. नुसती कौलं घालावीत तर माकडं उड्या मारून फोडतात, आणि दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणूस शोधायचा कोणी? म्हणून दोन्ही घेतलंय: खाली काँक्रीटचा स्लॅब, वर लोखंडी कैच्यांवर मंगलोरी कौलं. कौल फुटलं तरी पाणी स्लॅबवर पडेल, आणि स्लॅबला दिलेल्या हलक्या उतारावरून नळीने बाहेर जाईल. मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात स्लॅब तापत नाही. खर्च वाढतो, पण वरचा मजला गेल्यामुळे बराचसा तिथेच वळता होतो.

जोत्यावरून आपलं फोनवर वाजलं होतं, म्हणून हिशेब मांडतो. जोतं दोन फूट हवंच, नाहीतर पागोळ्यांचं पाणी जमिनीवरून उडून जांभ्याच्या भिंती भिजवतं, आणि चिरा पाणी पितो. पण चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार एका फुटाला बारा फूट लांब लागतो. दोन फुटांना चोवीस फूट, म्हणजे अंगणच गेलं. आपल्या जागेत मागची जमीन पुढच्यापेक्षा दीड फूट उंच आहे. गाडी मागून आणली तर चढायचं राहतं सहा इंच, आणि सहा फुटांत काम होतं. यात धोका एकच: डोंगराकडचं पाणी त्या बाजूने घरात शिरू शकतं. म्हणून मागे रुंद पडवी आणि तिच्यापलीकडे पाणी वळवणारा दगडी चर आहे. चर दर पावसाळ्याआधी साफ व्हायला हवा. ते काम शेजारच्या भावकीकडे सोपवा.

बाथरूमचं दार बाहेर उघडतं, हे काकूंना विचित्र वाटलं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं आणि बाहेरच्याला काहीच करता येत नाही. दार तीन फुटी आहे, उंबरठा नाही, पाणी एका कडेच्या जाळीकडे उतरतं. कमोडजवळच्या आणि शॉवरच्या भिंतीत दोन ते पाच फूट उंचीपर्यंत चिऱ्याऐवजी काँक्रीट भरणार आहे. धरायच्या दांड्या आज लावू नका हवं तर. पण जांभा सच्छिद्र असतो, त्यात ठोकलेला बोल्ट वजनाने उपटून येतो, आणि लागतील तेव्हा भिंत फोडावी लागेल. फरशीचे नमुने पाठवीन. तिथे बाथरूममध्ये साबणाचं पाणी ओतून, कशाला तरी धरून, अनवाणी पाय घासून बघा. घसरली तर कितीही सुंदर असली तरी बाद.

शेवटचं, पैशांबाबत. कौलं चढवण्याआधी स्लॅबच्या नळ्या बंद करून वर दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवायचं आणि खालून ओल दिसते का बघायचं. कॉन्ट्रॅक्टर घाईत असेल आणि हे टाळायला बघेल. भरलेल्या पाण्याचा आणि दोन दिवसांनंतर खालच्या बाजूचा, असे दोन्ही व्हिडिओ हातात आल्याशिवाय स्लॅबचा हप्ता सोडू नका. मी सांगितलं तरीही.