चष्मा, अभ्यास आणि प्रवास: कुठले वायरलेस हेडफोन घेऊ?

प्रश्न: घरी रोज चार-पाच तास अभ्यास करतो, अधूनमधून बस-ट्रेनचा लांबचा प्रवास असतो, चष्मा आहे. एकच जोडी घ्यायची आहे, ओव्हर-इअर, ऑन-इअर की इन-इअर?

उत्तर: चष्मा आहे म्हणून मी तुला इन-इअरच घे म्हणेन. चष्मा नसता तर ओव्हर-इअर सांगितले असते.

ऑन-इअर तर यादीतून काढूनच टाक, त्याची गादी थेट कानाच्या पाळीवर दाबून बसते आणि चष्म्याची दांडी मध्ये आली की तासाभरात कान दुखायला लागतो, वर बाहेरचा आवाजही नीट अडत नाही.

ओव्हर-इअरची गादी कानाभोवती डोक्याला टेकते म्हणून तास-दोन तास छान वाटतं, पण दांडी गादीखालून गेली की तिथे फट राहते आणि त्या फटीतून बेस निसटतो, बाहेरची घरघर आत येते. बाहेरचा आवाज कमी करणारं नॉइज कॅन्सलिंग मुळात इंजिनासारख्या सलग खालच्या आवाजावर चांगलं चालतं आणि नेमकं तेच या फटीमुळे कमी पडतं, मग आपण नकळत व्हॉल्यूम वाढवतो. माणसांच्या बोलण्यावर त्याचा तेवढा परिणाम होत नाही, ते अडवायला कान नीट बंद व्हावा लागतो. दुकानात चष्मा घालूनच बघ: बेस असलेलं गाणं लाव आणि दांडीच्या जागी कप बोटाने हलकेच दाब, दाबल्यावर बेस एकदम वाढला तर तिथून गळतंय. दांडी अगदी बारीक असेल तर कधीकधी फरक पडत नाही, मग ओव्हर-इअरचाही विचार कर.

इन-इअर थेट कानात बसतात, चष्म्याच्या दांडीशी संबंधच येत नाही, पण इथे सगळा खेळ रबरी टिपचाच आहे. बॉक्समध्ये बहुतेक तीन साइज येतात, मधली आधीच बसवलेली असते आणि लोक तीच वापरत राहतात. तू तिन्ही लावून बघ, दोन्ही कानांना वेगळी साइज लागू शकते. इथेही तीच परीक्षा, इअरबड हलकेच आत दाबल्यावर बेस वाढला तर टिप लहान आहे, आणि थोड्या वेळात कान ठणकायला लागला तर मोठी आहे.

आता बॅटरी. इन-इअर एका चार्जवर साधारण पाच ते आठ तास चालतात, नॉइज कॅन्सलिंग चालू असेल तर कमी, म्हणजे एका बैठकीला जेमतेम पुरतील. जेवायला उठशील तेव्हा चार्जिंग केसमध्ये ठेवत जा, कानालाही तेवढीच हवा लागते. लेक्चर एका कानाने ऐकणार असशील तर दोन्ही बड स्वतंत्र चालतात ना तेही बघून घे. आणि हो, टिप कानात गेली की बरेच विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून परत घ्यायचे नियम पैसे देण्याआधीच विचार.