मुरूम पाणी सोडून बसतो का, आणि प्लास्टिक नक्की कुठे टाकायचं?

प्रश्न: जोत्याच्या आत साधारण पावणेदोन फूट मुरूम भरायचा आहे. खोली १० बाय १२ फूट. मिस्त्री म्हणतो, एकदाच सगळा भरून वर पाणी सोडू, आठ दिवसांत आपोआप बसेल. पीसीसीखाली, म्हणजे फरशीखालच्या साध्या काँक्रीटच्या थराखाली, प्लास्टिक टाकलं तर "काँक्रीट धरत नाही" असंही त्याचं म्हणणं आहे. त्याचं ऐकू का?

उत्तर: दोन्ही बाबतींत ऐकू नका. पण तो पूर्ण चुकीचा का नाही हे आधी सांगतो, म्हणजे त्याच्याशी बोलताना भांडण होणार नाही.

पाणी सोडून भराव बसवायची रीत वाळूसाठी आहे. वाळूतून पाणी झरझर खाली जातं आणि जाताना कण एकमेकांत बसवतं. मुरमात मात्र बारीक माती असते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरचा थर चिखल होतो आणि दीड फूट खाली ढेकळं कोरडीच राहतात. तो चिखल पुढे काही महिने हळूहळू सुकतो, आकसतो आणि पीसीसीच्या खालून सुटतो. शिवाय तुंबलेलं पाणी जोत्याच्या भिंतीला आतून रेटतं. खाली काळी माती असेल तर तीही फुगते. म्हणजे फरशी घालताना सगळं छान दिसतं आणि पहिल्या वर्षभरात कोपरे पोकळ वाजायला लागतात.

मुरमाला पाणी लागतं, पण नेमकं. मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला, हाताला चिखल लागला नाही आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर ओल बरोबर आहे. मुठीतच भुगा झाला तर झारीने पाणी शिंपडा. हात बरबटला तर पसरून सुकू द्या. मुरूम कसा आहे हेही यातच कळतं: ओल्या मुरमातला बारीक भाग तळहातावर वळून पाहा. काडीसारखी बारीक, लांब वात न तुटता वळली तर त्यात माती जास्त आहे, तो परत पाठवा. मुठीएवढे दगड, मुळं, फळ्यांचे तुकडे वेचून काढा. लाकूड राहिलं की वाळवीला आमंत्रण.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. १२० चौरस फूट गुणिले पावणेदोन फूट म्हणजे २१० घनफूट, अर्थात २.१ ब्रास. हा झाला चोपून बसलेला मुरूम. सुटा मुरूम चोपल्यावर बराच दबतो, म्हणून मागवताना पावणेतीन ब्रासच्या आसपास धरा. भरायचा सहा-सहा इंचांच्या थरांत. सहा इंचांचा सुटा थर चोपल्यावर साडेचार इंचांच्या आसपास राहतो, म्हणजे एकूण पाच थर होतील, शेवटचा थोडा पातळ. भरायच्या आधी जोत्याच्या आतल्या बाजूला खडूने या रेषा मारून ठेवा. साइटवर कुणी काय सांगतं त्यापेक्षा ही रेष जास्त खरं बोलते: थर सहावरून पाचपर्यंतच खाली गेला असेल, तर अजून चोपायचा आहे.

मधल्या भागात प्लेट कॉम्पॅक्टर उत्तम चालतो. भिंतीलगतचा वीतभर पट्टा आणि चारही कोपरे मात्र तो नीट धरत नाही, तिथे हातातला धुमस घेऊन माणूसच लागतो. खचलेल्या फरशा मी बऱ्याच उकरल्या आहेत, बहुतेकदा दोष या वीतभर पट्ट्यातच सापडला. तपासायला १२ मिलिमीटरची सळई उभी धरून अंगाचा भार द्या. मध्ये अर्धा इंचही जात नाही आणि कोपऱ्यात तीन-चार इंच सहज जाते, असं झालं तर कोपरा पुन्हा चोपायचा. ही साइटवरची अंदाजी तपासणी झाली. मोठं काम असेल तर प्रयोगशाळेकडून भरावात छोटा खड्डा करून त्यात वाळू भरून घनता मोजून घेतात आणि ती सर्वसाधारणपणे प्रॉक्टर घनतेच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने चोपून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या, ९५ टक्के तरी मागतात. ड्रेनेजचा पाइप जमिनीखालून जाणार असेल तर तो आधीच टाका. चोपलेला भराव नंतर खोदून पुन्हा भरला की तो चर हमखास बसतो.

आता प्लास्टिक. "काँक्रीट धरत नाही" हे खरं आहे, पण पीसीसीने मुरमाला धरायची गरजच नसते, तिने त्यावर फक्त टेकायचं असतं. ओल खालून वर चढते ती मुरमातल्या बारीक पोकळ्यांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तशी. १:४:८ ची, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि आठ भाग खडीची, पीसीसी सच्छिद्र असते, ती ओल अडवत नाही. फरशीच्या सांध्यांत पांढरा लोणा फुटतो तो यामुळेच.

क्रम असा ठेवा. वरचा थर चोपून सपाट झाला की वाळवीची फवारणी. ती मुरल्यावर इंचभर दगडाची बारीक कच, म्हणजे मुरमातले टोकदार खडे प्लास्टिक फाडणार नाहीत. त्यावर १००० गेजचा, म्हणजे सुमारे २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. जोड एक फूट एकमेकांवर चढवून चिकटपट्टी लावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद भिंतीपाशी कापायचा नाही. तो वर वळवून डीपीसीच्या, म्हणजे भिंतीतल्या ओल अडवणाऱ्या थराच्या, पातळीपर्यंत न्यायचा.

हे न केल्याने काय होतं ते एका घरात पाहिलंय. हॉलच्या मध्यभागी ठणठणीत कोरडं आणि चारही भिंतींलगत वीतभर ओला पट्टा. घरमालकाला वाटलं नळाची लाइन गळतेय. लाइन दोन दिवस बंद ठेवली, पट्टा तसाच. मग कडेची फरशी काढली, तर कागद भिंतीच्या दोन इंच अलीकडेच संपलेला. भर म्हणून तिथला मुरूमही बसलेला, पीसीसीखाली बोट जाईल एवढी फट. कडेची पीसीसी तोडून मुरूम चोपला, जुन्या कागदाला नवा जोडून वर वळवला, तेव्हा थांबलं.

पीसीसी चार इंच धरली तर तुमच्या खोलीला ४० घनफूट लागेल. १:४:८ ला सिमेंटच्या साधारण चार गोण्या, १९ घनफूट वाळू, ३८ घनफूट खडी. खाली कागद असल्याने काँक्रीटमधलं जादा पाणी मुरमात जात नाही, ते वर येऊन तरंगतं. म्हणून माल घट्टच कालवा, पातळ नको. घमेली नेणाऱ्यांसाठी फळ्या टाका, कागदावर फावडं ओढू देऊ नका. आणि कागद अंथरल्यावर पाऊस आला तर वरचं पाणी काढल्याशिवाय ओतू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा: हा कागद चढणारी ओल अडवतो, दाबाने येणारं पाणी नाही. पावसाळ्यात तुमच्या जोत्याच्या पायथ्याशी पाणी उभं राहत असेल, तर आधी बाहेरून चर काढून ते दूर न्यावं लागेल. जोत्यालगत खड्डा खणून पावसाळ्यात त्यात पाणी किती वर येतं ते बघितलंय का? तेवढं कळवा, मग कचेच्या जागी जाड खडीचा थर द्यायचा का ते सांगतो.