खुणेच्या डासांवरून उडत्या डासांची मोजणी

प्रश्न : टाकीतल्या अळ्या मोजता येतात, पण उडते डास कसे मोजायचे? (नेरूळ)

काही डासांना खूण करून सोडायचे आणि पुन्हा पकडलेल्यांत खुणेचे किती निघतात ते पाहायचे. समजा, एडिस इजिप्तीचे ४०० डास कागदी पेल्यात घेऊन त्यांच्यावर अतिनील प्रकाशात चमकणारी भुकटी हलकेच फुंकली. ती जास्त झाली तर डासांना उडता येत नाही, म्हणून भुरभुरलेले डास काही तास ठेवून लुळे पडलेले काढून टाकावे लागतात. उरलेले, समजा सगळे ४०० धडधाकट असले, तर वस्तीत सोडायचे. तीन दिवसांनी सापळ्यांत २५० डास आले आणि अतिनील प्रकाशात त्यांतले २० चमकले, तर सूत्र असे :

N = M × n ÷ m = 400 × 250 ÷ 20 = 5000

येथे N म्हणजे वस्तीतल्या एकूण डासांचा अंदाज, M म्हणजे सोडलेले खुणेचे डास, n म्हणजे पकडलेले एकूण आणि m म्हणजे त्यांतले खुणेचे.

प्रश्न : तीन दिवसांत सोडलेले डास मरणार नाहीत का? (ऐरोली)

मरतील, आणि म्हणूनच वरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. वस्तीतले मेलेले डास नव्या जन्मणाऱ्यांनी भरून निघतात, खुणेचे मात्र फक्त कमीच होत जातात. रोज ८० टक्के जगतात असे धरले, तर तिसऱ्या दिवशी ४०० × ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे २०५ उरतात. त्या २०५ ला २५० ने गुणून २० ने भागले, की अंदाज सुमारे २५६० वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. त्यातून खुणेचे २०५ वजा केले, तर मूळचे डास सुमारे २३५५ राहतात. जगण्याचे प्रमाण मनाने ठरवायचे नसते. रोज सापळे लावून खुणेचे डास दिवसागणिक कसे घटतात, त्यावरून ते काढतात. मात्र वस्तीबाहेर उडून गेलेलेही या घटीत मेलेल्यांतच जमा होतात.

प्रश्न : आमच्या इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्येच डास सोडून तिथेच सापळे लावले, तर चालेल का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नाही. खुणेचे डास बाकीच्यांत नीट मिसळले आहेत, हे या पद्धतीचे मुख्य गृहीतक आहे. सोडण्याच्या जागेजवळच सापळा ठेवला, तर खुणेचे डास प्रमाणाबाहेर येतात, m फुगतो आणि डासांची संख्या आहे त्याहून कमी दिसते. डास अनेक ठिकाणी सोडावेत आणि सापळे वरच्या मजल्यांवरही ठेवावेत. सापळ्याच्या पिशवीत एकाची भुकटी दुसऱ्याला लागली, तरी हीच चूक होते, त्यामुळे पंखावर एखादाच कण दिसला, तर मी तो डास खुणेचा धरत नाही. छातीवर आणि पायांच्या बेचक्यांत भुकटी बसलेली दिसली पाहिजे.

शिवाय माद्या चावतात आणि डेंग्यू पसरवू शकतात, म्हणून हे काम रहिवाशांनी स्वतः करू नये. तज्ज्ञांनी केले, तरी महापालिकेची परवानगी आणि रहिवाशांची संमती हवीच. माझा कल नर सोडण्याकडे असतो, कारण ते चावत नाहीत. पण मग n मध्येही फक्त नरच मोजायचे आणि येणारे उत्तर नरांपुरतेच असते.