नोटरी केलेल्या साठेखतावर फ्लॅटची मालकी सिद्ध होते का?

प्रश्न: "२०२२ मध्ये रत्नागिरीत बिल्डरकडून फ्लॅट घेतला. पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत, नोटरी केलेलं. पूर्ण पैसे बँकेतून दिले, चावी मिळाली. आता कळलं की त्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला रजिस्टर करून दिलाय. मालक मीच ना?"

कायद्याच्या नजरेत नाही. मी इथे दिवाणी दावे चालवते. मुंबईत राबून साठवलेला पैसा अशा कागदात अडकलेला पाहिला की जीव तुटतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

साठेखत म्हणजे पुढे विक्री करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे त्या कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. त्यासाठी नोंदलेलं खरेदीखत लागतं. नोटरीच्या शिक्क्याने दुय्यम निबंधकाकडची नोंद भरून निघत नाही. तुम्ही "मला मालक ठरवा" असा दावा लावलात, तर कोर्ट या कागदावरून तुमची मालकी मानणार नाही. वीजबिल, घरपट्टी नावावर असली तरी त्यातून फार तर ताबा दिसतो.

तोच कागद करारपूर्तीच्या दाव्यात, म्हणजे बिल्डरने ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यावं अशा मागणीच्या दाव्यात, मात्र उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या फ्लॅट खरेदीदारांसाठीच्या मोफा कायद्याचं कलम ४अ तर बिल्डरशी झालेलं बिननोंदणीचं साठेखत अशा दाव्यात पुरावा म्हणून घ्यायला खास मुभा देतं. बिल्डरबरोबर त्या दुसऱ्या खरेदीदारालाही प्रतिवादी करा. तो म्हणेल, "मी पूर्ण किंमत मोजली, या कराराची मला कल्पनाच नव्हती." हे त्याने सिद्ध केलं तर त्याचा दस्त टिकतो आणि फ्लॅट तुमच्या हातून जातो.

तुमची खरी लढाई इथेच आहे. फ्लॅट ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असं कायदा धरून चालतो. तुम्ही तिथे राहत असाल तर बाजू भक्कम. पण आपल्याकडचे कितीतरी फ्लॅट गणपतीत आणि मे महिन्यातच उघडतात, वर्षभर कुलूप असेल तर समोरचा वकील "कसला ताबा?" असं विचारणारच. म्हणून दुसऱ्या दस्ताचा इंडेक्स २, म्हणजे निबंधकाकडचा नोंदणीचा उतारा, काढा, त्यावरची तारीख पाहा, आणि त्याआधीच्या महिन्यांतला वीजवापर, मेन्टेनन्सच्या पावत्या, शेजाऱ्यांची साक्ष गोळा करा.

कागद पुराव्यात येण्याआधी त्यावरचं कमी पडलेलं मुद्रांक शुल्क दंडासह भरावं लागेल. ताबा दिलेल्या साठेखताला खरेदीखताइतकंच शुल्क लागतं, त्यामुळे रक्कम मोठी असते. ती भरल्याने दस्त नोंदलेला ठरत नाही.

करारपूर्तीचा दावा लावायची मुदत तीन वर्षांची. साठेखतात खरेदीखताची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर बिल्डरचा नकार तुम्हाला कळल्यापासून. ती तारीख आजच वाचा. आणि दाव्यात फ्लॅट न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मिळावेत ही पर्यायी मागणी घालायला वकिलांना सांगा. मागितलेलीच नसेल तर कोर्ट ती देत नाही.