सरासरी ३.५३, पण खूश किती जण?

«आमच्या पतसंस्थेच्या खानापूर आणि निपाणी शाखांत १ ते ५ गुणांचा ग्राहक सर्वे केला. संचालक म्हणतात एकच आकडा सांगा. सरासरी देऊ की ४-५ देणाऱ्यांची टक्केवारी?»

संचालकांना टक्केवारीच द्या, पण एकटी देऊ नका. समजा दोन्हीकडे शंभर-शंभर फॉर्म आले. खानापुरात ५ गुण १० जणांनी दिले, ४ गुण ४५ जणांनी, ३ गुण ३५ जणांनी, २ गुण आठांनी आणि १ गुण दोघांनी. निपाणीत हेच आकडे ४५, १५, १०, ८ आणि २२. दोन्हीकडे सरासरी ३.५३ च येते! ४-५ देणारे (टॉप टू बॉक्स) पाहिले तर खानापूर ५५ टक्के, निपाणी ६०. म्हणजे निपाणी पुढे? १-२ देणारे मोजा: खानापुरात १०, निपाणीत ३०. निपाणीच्या काउंटरवर काहीतरी बिघडलंय, आणि ते वरच्या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. म्हणून एकाच ओळीत तीन आकडे लिहा: खूश ६०, मधले १०, नाराज ३०. आकडेशास्त्र न शिकलेल्या माणसालाही ते कळतं.

सगळ्यात वाईट गोंधळ सरासरीची टक्केवारी केल्यावर होतो. एका कार्यालयाने (नाव नको) आमच्या अहवालातल्या ३.५३ ला ५ ने भागून «७१ टक्के समाधान» असं छापलं, आणि पुढे बैठकीत त्याचं «७१ टक्के ग्राहक समाधानी» झालं. दुरुस्तीचं पत्र दिलं, तेही फाइलला लागलं. सगळ्यांनी १ दिला तरी या हिशेबाने २० टक्के समाधान निघतं, कारण मोजपट्टी शून्यापासून सुरूच होत नाही.

तरी सरासरी तुमच्या फाइलमध्ये ठेवाच. पुढच्या वर्षी निपाणीत १ देणाऱ्यांपैकी १५ जण ३ वर आले, तर ४-५ ची टक्केवारी ६० वरच थांबेल आणि साहेब म्हणतील काहीच सुधारलं नाही. सरासरी मात्र ३.८३ होईल आणि नाराज ३० चे १५ होतील.

एक्सेलमध्ये:

```
=COUNTIF(C2:C101,">=4")/COUNT(C2:C101)
```

«सांगता येत नाही» साठी ९ टाकला असेल तर हे सूत्र त्यालाही खुशीत धरतं. ० टाकला असेल तर सरासरी विनाकारण पडते. तो रकाना रिकामा ठेवा. आणि आपल्याकडे मराठी-कन्नड दोन्ही फॉर्म असतात, तर दोन्हींवर ५ हाच चांगला आहे ना, हे छापील कागदावर बघा. एकावर १ म्हणजे उत्तम असेल तर ते गुण ६ मधून वजा करून उलटवा, मगच एकत्र करा.

शंभर फॉर्मवर ६० टक्क्यांच्या आकड्यात दहाएक टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, तेही नमुना यादृच्छिक असेल तर. त्यामुळे ५५ विरुद्ध ६० वरून शाखांचे नंबर लावू नका, असं माझं मत. नाराजांतला १० आणि ३० चा फरक मात्र एवढ्या फॉर्मवरही खराच धरा. ० ते १० च्या मोजपट्टीला हे जसंच्या तसं लावू नका, तिथे वरचे दोन म्हणजे फक्त ९ आणि १०.