कडेला लोंबकळणारे ‘आहेत’

“सभेत मी तास-तासभर सहज बोलते, पण टेलिप्रॉम्प्टरसमोर उभी राहिले की पाठांतर म्हणून दाखवल्यासारखी वाटते. चार मिनिटांचे निवेदन एकाच टेकमध्ये द्यायचे आहे आणि माझा आवाज प्रत्येक ओळीला सारखाच पडतो. काय करू?”

हा प्रश्न एका सहकारी पतसंस्थेच्या व्यवस्थापक बाईंनी विचारला होता. सभासदांसाठी वार्षिक निवेदनाची चित्रफीत करायची होती. सरावाचे चित्रण त्यांनी सोबत आणले होते. मी ते आधी चित्र न पाहता नुसते ऐकले, कारण चेहरा दिसत असला की कान आळशी होतात. दोन-तीन वाक्यांतच लक्षात आले की आवाज वाक्याच्या शेवटी नव्हे, तर टेलिप्रॉम्प्टरच्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळीच्या शेवटी पडत होता, आणि ओळ कुठे मोडायची हे अ‍ॅपने अक्षरांच्या आकारावरून ठरवले होते. एका ठिकाणी पडदा असा दिसत होता :

सभासदांच्या ठेवींच्या सुरक्षिततेच्या
दृष्टीने संस्थेमार्फत विविध
उपाययोजना राबविण्यात येत
आहेत.

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, हे वाचणाऱ्यालाही शेवटच्या शब्दाआधी कळत नाही. छापील पानावर नजर पुढे धावून हे हेरते. प्रॉम्प्टरवर चार-पाच ओळीच दिसत असल्याने ती सोय फारशी उरत नाही, आणि मग वाचणारा सावधपणे प्रत्येक ओळ एकाच सुरात उतरवतो. त्यातच ‘आहेत’ एकटे खालच्या ओळीवर पडले की त्यावर नको तो जोर येतो.

मी त्यांना संहिता बाजूला ठेवायला सांगितले आणि हाच मुद्दा समोर बसलेल्या सभासदाला सांगावा तसा सांगा म्हटले. त्या म्हणाल्या, “तुमची ठेव सुरक्षित राहावी, म्हणून यंदा आम्ही वसुलीवर जोर दिला.” हेच वाक्य आम्ही संहितेत घेतले आणि अर्थाच्या जोडावर मोडले :

तुमची ठेव सुरक्षित राहावी,
म्हणून यंदा आम्ही
वसुलीवर जोर दिला.

प्रत्येक वाक्यानंतर आम्ही एक ओळ कोरी सोडली. ही कोरी ओळ शोभेची नसते. ठरलेल्या वेगाने मजकूर सरकत असताना तेवढा वेळ वाचणाऱ्याला थांबायला मिळतो. नाहीतर मजकूर निसटेल या धास्तीने माणूस श्वाससुद्धा चोरून घेतो. आकडेही बोलतो तसे लिहिले : ‘17,50,000’ ऐवजी ‘साडेसतरा लाख’. आकडा पाहून त्याचे शब्द मनात जुळवण्यात जो क्षण जातो, तो कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो.

मग वेगाकडे वळलो. संहितेशिवाय बोलताना त्यांचे मिनिटाला साधारण 112 शब्द होत होते, तर सरावात 460 शब्द त्यांनी 3 मिनिटे 20 सेकंदांत संपवले होते, म्हणजे मिनिटाला 138. अ‍ॅपचा वेग कमी करून भागले नसते, कारण मग मजकूरच चार मिनिटांत मावला नसता. म्हणून आम्ही 430 शब्दांपर्यंत काटछाट केली. आभाराचा अर्धा परिच्छेद गेला, याचे मला तरी दुःख झाले नाही.

वेग जमला की नाही, हे नजरेवरून ओळखता येते. वाचायची ओळ पडद्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जवळ, राहिली पाहिजे. नजर हळूहळू तळाशी जाऊन पुढच्या ओळीची वाट पाहू लागली, तर मजकूर मंद आहे. वरच्या कडेला शब्द पळताना पकडावे लागत असतील, तर तो जलद आहे. प्रॉम्प्टर चालवायला माणूस असेल, तर तो वाचणाऱ्याच्या वेगाने मजकूर सरकवतो आणि हा प्रश्न बराच सुटतो. बाईंकडे फक्त टॅब्लेट होता, आणि तोही जेमतेम एक मीटरवर, त्यामुळे बुबुळे डावी-उजवी फिरताना दिसत होती. आम्ही तो भिंगासकट अडीच मीटरवर नेला, अक्षर मोठे केले आणि ओळ तीन-चार शब्दांची ठेवली.

एकाच टेकची त्यांना सर्वांत जास्त भीती होती. त्यासाठी दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली दोन वाक्ये त्यांनी तोंडपाठ केली, म्हणजे सूर लागेपर्यंत वाचनाचा आधार लागणार नाही. जीभ अडखळली, तर वाक्याच्या सुरुवातीला न जाता त्याच अर्थगटापासून पुन्हा उचलायचे आणि ‘माफ करा’ म्हणायचे नाही, असेही ठरले. सभेत अडखळल्यावर त्या नेमके हेच करत असत, फक्त त्यांच्या ते ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या टेकमध्ये ‘साडेसतरा’वर जीभ वळली नाही. त्या क्षणभर थांबल्या, “साडेसतरा लाख” असे नीट म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तोच टेक संस्थेने ठेवला.