बहिणीच्या साखरपुड्याला काय नेसू, काय नको: या वेळची प्रश्नोत्तरे

ताई, दीदीचा साखरपुडा मे महिन्यात सांगलीला आहे. राणी कलरचा टिकल्यांचा लेहंगा बघून ठेवलाय, घेऊ का? – तुझीच मामेबहीण

अगं छोटे, फोन करायचा सोडून इथे प्रश्न टाकलास ना, मग आता उत्तर पण सगळ्यांसमोर घे. लेहंगा नको. छान असेल गं, पण त्या दिवशी तुला काम काय आहे ते आधी बघ. साखरपुड्यात दीदी दोन साड्या नेसणार, आपली घरची साडी नेसून ती पाटावर बसेल, मग मुलाकडच्या बायका कुंकू लावून ओटी भरतील आणि त्यांची साडी देतील, ती घेऊन ती आत जाणार, नेसून परत बाहेर येणार आणि मग अंगठ्या. तेवढ्या वेळात खोलीत तिच्यासोबत कोण? तूच. खाली उकिडवं बसून निऱ्या धरायच्या, दातात सेफ्टी पिना, बाहेरून कोणीतरी "झालं का, सगळे थांबलेत" म्हणून दार वाजवतंय आणि तुझ्या लेहंग्याचा घेर खोलीभर. त्यात टिकल्या सिल्कला घासल्या की धागा ओढला जातो, नव्याकोऱ्या साडीवर सासूबाईंच्या देखत हे नको.

आता कलर. मामीने घरची म्हणून जी पैठणी काढून ठेवलीय ती राणी कलरचीच आहे, म्हणजे राणी बाद. दुसरी साडी कुठली ते दीदीला तिच्या होणाऱ्या नणंदेकडून काढून घ्यायला सांग, आणि नुसतं "हिरवी आहे" ऐकून गप्प बसू नको, हिरव्यात पोपटीपासून बॉटल ग्रीनपर्यंत सगळं येतं, खिडकीजवळ धरून काढलेला फोटो मागव. हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये कलर वेगळाच दिसतो, दुकानातल्या लाइटवर तर अजिबात विश्वास ठेवू नको. समजा हिरवी निघाली, तर तुझ्यासाठी वांगी कलर किंवा शाईसारखा गडद निळा बघ, दोन्ही साड्यांशेजारी उभी राहिलीस तरी ना मॅचिंग वाटणार ना भांडण.

कापड म्हणशील तर सांगलीचा मे महिना, भरजरी सिल्क विसर. महेश्वरी घे, त्यात सिल्कबरोबर सुती धागा असतो म्हणून अंगाला चिकटत नाही, काठ जरीचे मिळतात त्यामुळे साधीपण वाटत नाही. ब्लाऊजला अस्तर सुतीच लाव, आणि ग्रे किंवा फिकट गुलाबी प्लेन सिल्कचा ब्लाऊज नको, त्या दोन कलरवर घामाचे डाग लगेच दिसतात. पदर बारीक चुण्या घालून खांद्यावर पिन कर, मोकळा सोडून हातावर घ्यायचा नाही, औक्षणाचं ताट तुझ्याच हातात असणार आणि निरांजनाच्या वर लोंबणारा पदर बघून माझ्या पोटात गोळा येतो. नेट, जॉर्जेट तर नकोच, ते आधी वितळतं आणि कातडीला चिकटतं.

आणि हिल्स. तुम्ही पोरी हिल्स घालून त्या उंचीची साडी नेसता आणि पाटाजवळ गेल्यावर चपला काढता, मग निऱ्या दोन इंच जमिनीवर लोळतात आणि पहिला पाय त्यातच अडकतो. तू अर्धा दिवस अनवाणी फिरणारेस, त्यामुळे अनवाणीच उभी राहून नेस. चपला हव्या असतील तर फ्लॅट.

चुलत बहिणीच्या साखरपुड्याला काळी साडी चालेल का? मला काळा फार शोभतो.

शोभत असेलच. पण आपल्याकडे काळी चंद्रकळा संक्रांतीची, शुभकार्यात घरातल्या म्हाताऱ्या नाक मुरडतात, आणि ते बोलणं तुला नाही तर नवरीच्या आईला ऐकावं लागतं. मुलाकडचे पण त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना बघत असतात. माझं वैयक्तिक मत विचारशील तर काळ्यात काही वाईट नाही, तरी हा वाद दुसऱ्याच्या कार्यात कशाला. नवरी स्वतःहून "नेस गं" म्हणाली तर खुशाल नेस, नाहीतर गर्द जांभळी घे जरीच्या काठाची, शोभायचं ते त्यात पण शोभेल.

मावसबहिणीच्या साखरपुड्याला आईची लग्नातली पैठणी नेसायची आहे. वीसेक वर्षं कपाटात घडी करून ठेवलेली आहे. रिस्क आहे का?

आहे, पण घरीच तपासता येते. दिवसा पलंगावर पूर्ण उलगड आणि थोडी थोडी करत खिडकीच्या उजेडासमोर धर. बाकी साडीकडे बघू नको, घडीच्या रेषा बघ, सिल्क तिथेच विरतं. रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून अगदी हलकं ताणायचं, धागे सरकून मध्ये उजेड दिसायला लागला तर ती घडी गेली समज. अशी जागा आत खोचायच्या टोकाला असेल तर नेस बिनधास्त, पण खांद्यावर किंवा निऱ्यांमध्ये येत असेल तर नको, तू जेवायला खाली बसलीस की टर्रकन आवाज येईल आणि मग आईसमोर काय तोंड दाखवणार.

ठीक निघाली तर दोन दिवस सावलीत पंख्याखाली टाक, डांबराच्या गोळ्यांचा वास बराच जातो. वर परफ्यूम मारायचा नाही हं, जरी काळी पडते. काळवंडलेली असेल तर लिंबू, टूथपेस्ट असले व्हिडिओतले प्रकार करू नको, चांगल्या ड्रायक्लीनरला दाखव. इस्त्री उलट्या बाजूने, वर मलमलचा कपडा टाकून, कमी गरम. पिनमध्ये आधी एक मोती ओव आणि मग ती साडीत लाव, म्हणजे पिनच्या मागच्या वेटोळ्यात सिल्क अडकत नाही. मोगऱ्याचा गजरा ओला असताना माळू नको, पाणी ओघळून पदरावर डाग पडतो, आधी टॉवेलवर टिपून घे.

मी न्यू जर्सीहून सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दोन दिवस आधी पोचतेय. ब्लाऊजची मापं टेलरला व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल?

एकट्या मापांवर नको. स्वतः टेप लावून घेतलेलं माप निम्म्या वेळा चुकतं, छातीचं बरोबर येतं आणि मुंढ्यात फसतं. हल्ली घातलेला आणि नीट बसलेला एखादा ब्लाऊज कोणी येणारं असेल त्यांच्याबरोबर पाठव, टेलरला तोच मापाला द्यायचा. आईकडे राहिलेला कॉलेजातला ब्लाऊज देऊ नका, तू तेव्हाची राहिली नाहीस, कोणीच राहत नाही. टेलरला तीन गोष्टी आईकरवी सांग: अस्तर आधी भिजवून वाळवून मग कापा, दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवा, आणि मागे चेन न लावता पुढे हुक ठेवा. माया असली की घट्ट झालेला ब्लाऊज उसवून अर्ध्या तासात सैल होतो, माया कापून टाकलेली असेल तर काहीच करता येत नाही.

गळ्यात ठुशी घालणार असशील तर बोटनेक शिवू नको, ठुशी कापडावर चढते आणि दिवसभर खाली ओढत बसावं लागतं, गोल खोल गळा सांग. पोचलीस की जेटलॅग वगैरे नंतर, त्याच संध्याकाळी घालून बघ, हात पूर्ण वर करून आणि एकदा खाली वाकून. दंडात काचलं किंवा कमरेवरून वर सरकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरच्या दुकानाचं शटर उघडायच्या आधी तिथे उभी राहा.